तीन माणसं, एक हॉल आणि मधला सैल पाऊण तास

प्रश्न: आम्ही पुण्यात एकांकिका करणारे सहा जण आहोत. आता नारायण पेठेतल्या एका फ्लॅटमध्ये साधारण ८० मिनिटांची थरारक फिल्म करतोय. तीनच पात्रं. वडिलांच्या तेराव्यानंतरची संध्याकाळ आहे. मुलगा मंदार, बंगळुरूहून आलेली बहीण केतकी आणि वडिलांची वर्षभर शुश्रूषा केलेल्या सुनंदाताई. मंदारनं वडिलांचं नवं मृत्युपत्र दडवलंय, ते शेवटी सापडतं. मध्यावर दाराला बाहेरून कडी लागते आणि तिघं अडकतात. वाचनाला पहिली २० मिनिटं आणि शेवटची १५ छान जातात, पण मधे ऐकणारे मोबाइल काढतात. हॉल १० बाय १६ फूट, कॅमेरा फुल फ्रेम. काय चुकतंय, आणि शूट कसं करावं?

उत्तर:

मधल्या भागात कुणालाच नवीन काही कळत नाही, म्हणून तो सैल पडतो. भांडणं जोरदार असतील, संवाद चांगले असतील, पण एकाच जागेत घडणाऱ्या गोष्टीत कथेला पुढे नेणारी घटना म्हणजे ‘कुणाला काय कळलं’ एवढीच असते. बाहेरच्या जगात पात्रं गाडीत बसून दुसरीकडे जातात, नवी माणसं भेटतात. तुमच्याकडे ते नाही. म्हणून आधी कॅमेरा बाजूला ठेवा आणि एक कागद घ्या.

कागदावर चार रकाने पाडा: मंदार, केतकी, सुनंदाताई आणि प्रेक्षक. डावीकडे प्रसंग क्रमानं लिहा. प्रत्येक प्रसंगापुढे त्या त्या रकान्यात फक्त तेवढंच लिहा, जे त्या माणसाला त्या प्रसंगाआधी माहीत नव्हतं आणि आता कळलं. ‘दोघं लहानपणावरून भांडतात’ ही नोंद होत नाही. ‘केतकीला कळतं की बाबांनी दिवाळीनंतर कुठल्यातरी कागदावर सही केली होती’ ही होते. चुकीचा समजसुद्धा नोंद आहे, तो वेगळ्या शाईनं लिहा. तुम्ही सांगितलेली कथा अशी मांडली तर विसाव्या मिनिटापासून पासष्टाव्यापर्यंत चारही रकाने जवळजवळ कोरे राहतील.

सगळ्यात मोठी अडचण चौथ्या रकान्यात आहे. मृत्युपत्र फक्त मंदारला माहीत आहे, प्रेक्षकाला नाही. म्हणजे पाऊण तास मंदार घाबरलेला आहे, पण आपल्याला दिसतो तो नुसता चिडका माणूस. केतकी कपाट उघडते तेव्हा त्याचा जीव वर-खाली होत असेल, पण आपल्याला कारण माहीत नसल्यामुळे तो प्रसंग आपल्यासाठी कपाट आवरण्याचाच राहतो. शेवटचा एक धक्का राखून ठेवण्यासाठी तुम्ही मधल्या प्रत्येक प्रसंगातला ताण खर्ची घातलाय. तो सौदा बंद जागेत परवडत नाही. मृत्युपत्राचं पाकीट प्रेक्षकाला बाराव्या-पंधराव्या मिनिटालाच दाखवा. आत नेमकं काय लिहिलंय ते शेवटपर्यंत झाकून ठेवा, धक्का तिथे शिल्लक राहतो.

पाकीट कुठे लपवायचं हा नेपथ्याचा नाही, संहितेचा प्रश्न आहे. कपाट, देवघराचा खण, माळा या जागा फ्रेममध्ये फारशा नसतात आणि पात्रांना तिथे जायला मुद्दाम कारण द्यावं लागतं. तुमच्या कथेत वर्षभर अंथरुणाला खिळलेला माणूस होता. अशा घरात भाड्यानं आणलेली लोखंडी कॉट असते, आणि पेठेतल्या लहान खोलीत ती मावत नाही म्हणून बहुधा हॉलमध्येच असते. पाकीट त्या कॉटच्या गादीखाली ठेवा. धोका हॉलच्या मध्यभागी येतो, प्रत्येक फ्रेममध्ये राहतो आणि पात्रांना त्याला वळसा घालूनच चालावं लागतं.

ही कॉट नीट बघून घ्या, कारण मधला पाऊण तास तीच चालवणार आहे. एका हँडलची मिळते ती सेमी फाउलर, तिची फक्त पाठ वर होते. दोन हँडलची फुल फाउलर, तिच्यात पाठ आणि गुडघे वेगवेगळे उचलता येतात. हँडलं पायाकडच्या बाजूला असतात आणि वापर नसताना दुमडून आत जातात. गादी रेक्झिनची, खाली भोकं पाडलेला लोखंडी पत्रा, आणि तो पत्रा तुकड्यांत बिजागरीवर जोडलेला. गादीखाली बरोबर कमरेच्या बिजागरीपाशी पाकीट असेल तर पाठ वर करताना ते सांध्यात चिमटलं जातं किंवा सरकून कडेला डोकावतं. शूटच्या आधी तुमच्याच कॉटवर करून बघा, प्रत्येक कॉटचा सांधा थोडा वेगळा असतो. तुम्हाला सेमी फाउलर पुरेल, ती हलकीही असते.

आता मधला भाग नव्यानं रचू.

बाराव्या मिनिटाला केतकी अंघोळीला गेलेली असताना मंदार पाकीट गादीखाली सरकवतो. प्रेक्षकाच्या रकान्यात पहिली मोठी नोंद. बाविसाव्याला सुनंदाताई मंदारला एकट्याला गाठून सहज विचारतात, ‘दादा, साहेबांनी माझी सही घेतली होती ना, त्या कागदाचं झालं का काम?’ मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि साक्षीदाराला आतला मजकूर माहीत असावा लागत नाही, त्यामुळे हा प्रसंग कायद्यातही बसतो. सुनंदाताईंना तो बँकेचा कागद वाटतोय. त्यांच्याकडे माहिती आहे, पण तिची किंमत त्यांना माहीत नाही. मंदारला आता त्यांना किती माहीत आहे हे न विचारता काढून घ्यायचंय. ‘कसला कागद?’ असं विचारणं म्हणजे त्यांची उत्सुकता जागी करणं. हा तीन-साडेतीन मिनिटांचा प्रसंग आहे आणि दोघांनी आवाज चढवायची काहीच गरज नाही.

तिसाव्या मिनिटाला स्वयंपाकघरातून येणाऱ्या केतकीच्या कानावर ‘सही’ एवढाच शब्द पडतो. तिचा समज होतो की मंदारनं आजारी बाबांकडून स्वतःच्या नावावर काहीतरी करून घेतलं. ही चुकीची नोंद. आता ती त्याच्यावर जो आरोप करते तो खोटा आहे, आणि मंदार खरोखर दुखावला जातो. या भांडणाला आता धार आहे, कारण तो त्या आरोपात निर्दोष आहे आणि दुसऱ्यात दोषी आहे. तुमच्या खर्ड्यातलं लहानपणाचं भांडण इथे जसंच्या तसं बसेल, एखादं पान कापून.

अडतिसाव्याला भांडून थकलेली केतकी कॉटवर बसते. तोपर्यंत कुणीही कॉटवर बसता कामा नये. गेलेल्या माणसाची जागा म्हणून सगळे टाळतात, असं प्रेक्षकाला आपोआप वाटेल. नंतर पंचेचाळिसाव्याला कॉट भाड्यानं देणाऱ्या दुकानातून फोन येतो: टेम्पो रिकामा झालाय, साडेनऊपर्यंत माणसं कॉट न्यायला येतील. फोनवर मंदार ‘उद्या या ना’ म्हणतो, ‘उद्या दुसऱ्या पेशंटकडे द्यायचीय’ असं तिकडून येतं. सुनंदाताई उठतात आणि वर्षभराच्या सवयीनं चादर काढायला लागतात. मंदार त्यांना अडवतो, पण जरा जास्तच जोरात. ते केतकीच्या लक्षात येतं. बावन्नाव्या मिनिटाला केतकीला कळलंय की कॉटमध्ये काहीतरी आहे, प्रेक्षकाला कळलंय की तिला कळलंय, आणि मंदारला काहीच कल्पना नाही.

इथे केतकीनं धावत जाऊन गादी उचलली तर सगळं संपलं. तिला त्याबद्दल काही बोलू देऊ नका. ती पाठीला उशी घेते, म्हणते, ‘ताई, जरा पाठ वर करता का? टेकून बसते.’ सुनंदाताई हँडल बाहेर काढून फिरवायला लागतात. मंदारला थांब म्हणता येत नाही, कारण थांबायला कारण काय सांगणार? एकेक फेऱ्याला पाठ दोन बोटं वर येते, लोखंड कुरकुरतं, आणि आपल्याला माहीत आहे की सांध्यापाशी काय आहे. हा प्रसंग दोन मिनिटं चालू शकतो, एकही वाक्य न बोलता.

रचना करताना एक पथ्य पाळा: एकच गोष्ट दोन पात्रांना एकाच क्षणी कळू देऊ नका. तिघं बसलेत आणि एकानं गुपित सांगितलं, तर तिन्ही रकाने एकदम भरतात आणि सगळे पुन्हा समान होतात. ताण असतो तो रकान्यांमधल्या फरकात. ८० मिनिटांना अशा आठ-नऊ नोंदी पुरतात. फार झाल्या तर कुणाला काय ठाऊक आहे याचा हिशेब प्रेक्षक सोडून देतो. आणि प्रामाणिकपणे मांडूनही पाचच नोंदी निघाल्या, तर तुमच्याकडे ४५ मिनिटांची गोष्ट आहे. ती ४५ मिनिटांचीच करा.

आता दाराची कडी. ती काढून टाका, असं माझं स्पष्ट मत आहे. दार बंद झालं की पात्रांपुढे नवा प्रश्न उभा राहतो तो दार उघडण्याचा, आणि पहिला प्रश्न मागे पडतो. शिवाय प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, खाली वॉचमन आहे, समोर शेजारी आहेत. त्यांना निकालात काढण्यात तुमची दहा मिनिटं जातील. मराठीत अडकलेल्या दाराचं उत्तम उदाहरण विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये आहे. सुरुवातीलाच नायिका बेणारेचं बोट कडीत सापडतं, ही कडी त्रास देते हे तिथेच कळतं, आणि पुढे बेणारे निघायला बघते तेव्हा दार बाहेरून लागलेलं असतं. पण बघा, दार लागायच्या कितीतरी आधी तिला त्या खेळातल्या खटल्यानं धरून ठेवलेलं असतं. कडी त्यावर शेवटची येते. तुमच्या खर्ड्यात कडी मध्यावर येते आणि धरून ठेवायचं सगळं काम तिच्यावरच आहे.

त्यापेक्षा दार उघडं ठेवा आणि जो जाईल त्याचं नुकसान होईल असं करा. मंदारला उद्या सकाळी दुय्यम निबंधक कार्यालयात केतकीचं हक्कसोडपत्र नोंदवून हवंय, कारण इमारत पुनर्विकासाला जातेय. तिला तयार केल्याशिवाय तो तिला सोडू शकत नाही, आणि पाकीट कॉटमध्ये असताना स्वतः घराबाहेर पडू शकत नाही. केतकीला बाबांची वही हवीय आणि ती कुठे आहे हे मंदार सांगत नाही. सुनंदाताईंचा दोन महिन्यांचा पगार राहिलाय, आज नाही मिळाला तर कधीच मिळणार नाही हे त्या ओळखून आहेत. तिन्ही कारणं पहिल्या पंधरा मिनिटांत एकेका वाक्यात येऊ द्या. नंतर एकदा केतकीला चपला घालून दारापर्यंत जाऊ द्या, लॅच उघडू द्या आणि स्वतःहून परत फिरू द्या. तो क्षण कुलपापेक्षा जास्त घट्ट बांधतो.

जागेकडे वळू. १० बाय १६चा हॉल, एका टोकाला मुख्य दार, दुसऱ्या टोकाला गॅलरी, लांब भिंतीत स्वयंपाकघराचं दार आणि बेडरूमकडे जाणारा छोटा पॅसेज, असं साधारण असेल. नकाशा काढा आणि कोण कुठून काय बघू शकतं त्याच्या रेघा मारा. ओट्यापाशी उभ्या माणसाला कॉटचा पायाकडचा भाग दिसतो का? पॅसेजमधल्या बेसिनच्या आरशात उशाकडचा दिसतो का? या दोन रेघांवर तुमचे निम्मे प्रसंग उभे राहतील. कॉट एक फूट इकडेतिकडे सरकवून या रेघा हव्या तशा मिळवा आणि मगच जागा पक्की करा. तालमी दुसरीकडे करणार असाल तर खऱ्या मापाचा हॉल जमिनीवर टेपनं आखा आणि कॉटच्या जागी तेवढंच, ६ बाय ३ फुटांचं टेबल ठेवा. रंगमंचाची सवय असलेले नट जागा मोठी धरून चालतात. खऱ्या हॉलमध्ये कॉट, टीपॉय आणि तीन माणसं आली की मोकळी वाट दोन-अडीच फुटांची राहते. वाट देण्यासाठी कुणीतरी मागे सरकणं हीसुद्धा तिथे घटना होते.

सगळी जागा पहिल्या पाच मिनिटांत दाखवून टाकू नका. पहिला एक-तृतीयांश हिस्सा हॉलच्या दाराकडच्या अर्ध्यात ठेवा. स्वयंपाकघर नुसतं ऐकू येऊ द्या. मधल्या हिश्श्यात कॉटची बाजू आणि स्वयंपाकघर उघडा. गॅलरी आणि बाबांचं कपाट असलेली बेडरूम शेवटच्या हिश्श्यासाठी राखा. प्रेक्षकाला घर मोठं होत गेल्यासारखं वाटतं, तरी माणसं अधिकाधिक जवळ येत जातात.

लेन्सच्या बाबतीत ‘१२ अँग्री मेन’ (१९५७) या चित्रपटात सिडनी ल्युमेटनं केलेली योजना आजही शिकण्यासारखी आहे. जवळजवळ सगळा चित्रपट ज्युरीच्या एका खोलीत घडतो. पहिला एक-तृतीयांश हिस्सा डोळ्यांच्या पातळीच्या वरून, दुसरा डोळ्यांच्या पातळीवरून आणि शेवटचा खालून घेतला, त्यामुळे शेवटी छत दिसायला लागतं. जोडीला लेन्स हळूहळू लांब होत गेल्या, भिंती माणसांच्या अंगावर आल्यासारख्या वाटू लागल्या. तुम्हाला ही योजना जशीच्या तशी करता येणार नाही, कारण लांब लेन्सला मागे सरकायला जागा लागते.

हिशेब सोपा आहे. फुल फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर. लेन्सच्या आकड्यानं ३६ला भागा आणि अंतरानं गुणा, म्हणजे फ्रेममध्ये किती रुंद भाग येईल ते कळतं. आडव्या १० फुटांत कॅमेरा आणि माणूस मिळून अडीच फूट खातात, नट समोरच्या भिंतीपासून फूटभर पुढे असतो, उरलं साडेसहा फूट. तिथे ५० मिलिमीटरला पावणेपाच फूट रुंदी मिळते, म्हणजे माणूस कमरेपासून वर. ८५ला पावणेतीन फूट, म्हणजे छातीपासून वर. चेहऱ्यासाठी ठीक, पण दोन माणसं एका फ्रेममध्ये बसणार नाहीत. म्हणून लांब लेन्ससाठी कॅमेरा हॉलच्या बाहेर न्या: गॅलरीत, स्वयंपाकघराच्या दारातून आत, पॅसेजच्या टोकाला. चौदा फुटांवरून ८५ला जवळपास सहा फूट रुंदी मिळते आणि कडेला दाराची चौकट येते, ती फ्रेम आपोआप आवळते. साधी वाटणी करा: पहिल्या हिश्श्यात ३५ आणि उभ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा थोडी वरची उंची, मधे ५० आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची, शेवटी ८५ आणि कॉटच्या पातळीची उंची. २४ची लेन्स बॅगेतच राहू द्या. तिनं हॉल मोठा दिसतो, आणि तुम्हाला नेमकं ते नकोय. ही वाटणी संहितेच्या प्रतीवर समासात लिहून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी जो शॉट पटकन होईल तो घेतला जातो.

कॅमेरा फिरवून ताण आणायचा मोह होईल. कॅमेरा उगाच तरंगू लागला की बहुधा त्या प्रसंगात रकाने कोरे असतात. कागद पुन्हा बघा.

प्रकाशासाठी कथा संध्याकाळी सात ते साडेनऊ आणि महिना डिसेंबरचा ठेवा. बाहेर अंधार असल्यामुळे गॅलरी बाहेरून काळ्या कापडानं बंद केली की दिवसभर शूट करता येतं आणि सरकणाऱ्या उन्हाशी झगडावं लागत नाही. डिसेंबर घेतला की पंखा बंद असणं स्वाभाविक वाटतं, आणि ध्वनीसाठी पंखा बंद हवाच. तीनच प्रकाशयोजना पुरतील: पूर्ण ट्यूब, ट्यूब अधिक स्वयंपाकघरातून येणारा पिवळा उजेड, आणि शेवटी नुसता कॉटजवळचा लहान दिवा. ट्यूब जाण्यासाठी वीज घालवू नका, ते फार वेळा झालंय. नऊ वाजले की सुनंदाताई सवयीनं उठतात, ट्यूब बंद करतात आणि पेशंटच्या झोपेचा दिवा लावतात, मग स्वतःच थबकतात. प्रकाश बदलतो आणि त्या वर्षभराबद्दल सांगायचं ते सगळं सांगून होतं. घरातले स्वस्त एलईडी आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर लुकलुकतात. २५ फ्रेम्स आणि १/५० शटर ठेवा, तरी पट्टे दिसले तर तो बल्ब बदला, दुरुस्ती नंतर नीट होत नाही.

ध्वनीत फरशी ही मोठी अडचण. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि घुमणारा आवाज संकलनात नीट सुटा करता येत नाही. फ्रेमबाहेरच्या फरशीवर सतरंज्या आणि गोधड्या अंथरा, कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर जाड चादरी टांगा. फ्रिज बंद करा आणि स्वतःच्या दुचाकीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो सुरू करायचं राहणार नाही. प्रत्येक खोलीचा, गॅलरीचं दार उघडं आणि बंद अशा दोन्ही स्थितीत, एक-एक मिनिट शांत आवाज रेकॉर्ड करा. या फिल्ममध्ये गप्प क्षण खूप आहेत, ते भरायला हेच लागेल.

बाहेरचा एकच आवाज निवडा आणि त्याला काम द्या. मी लिफ्ट निवडेन. जाळीचं दार उघडं राहिलं की बोलणारी लिफ्ट आपल्या इमारतींत असतेच. आठव्या मिनिटाला ती मजल्यावर थांबते, शेजारी उतरतात, कुणी लक्ष देत नाही. फोन आल्यानंतर ती पुन्हा थांबते आणि तिघंही दाराकडे बघतात, पण पावलं पुढे जातात. तिसऱ्यांदा थांबते तेव्हा कॉटची पाठ वर झालेली असते. तीनपेक्षा जास्त वेळा वापरली तर आवाज बोथट होतो. पार्श्वसंगीत शेवटच्या संकलनापर्यंत लावूच नका, नाहीतर मधला भाग उभा राहिलाय की संगीतानं टेकू दिलाय हे कळणार नाही.

शूट बारा दिवसांचं धरा, म्हणजे रोज साधारण सात मिनिटं. मोठ्या ठिकाणांच्या फिल्मला न मिळणारी सोय तुम्हाला आहे: कथेच्या क्रमानं शूट करता येतं. नटांचा थकवा, विस्कटलेले केस, घरातला पसारा आपसूक क्रमानं वाढतो. पण दर शॉटला दिशा बदललीत तर दिवे हलवण्यातच दिवस जाईल. मधला मार्ग घ्या. दहा-दहा मिनिटांचे तुकडे क्रमानं घ्या, आणि प्रत्येक तुकड्यात आधी गॅलरीकडे बघणारे सगळे शॉट, मग दाराकडे बघणारे, मग कॉटवरचे. पुण्यात देखभालीसाठी पाणी किंवा वीज बहुधा गुरुवारी जाते, म्हणून गुरुवारी सुट्टी ठेवा किंवा आधी सोसायटीत चौकशी करा.

सातत्य राखायला नेहमीच्या यादीत दोन गोष्टी वाढवा. भिंतीवरचं घड्याळ ठेवायचं असेल तर सेल काढा आणि प्रत्येक प्रसंगाची वेळ हातानं लावा. आणि कॉटच्या पाठीचा कोन हँडलच्या फेऱ्यांत मोजा. ‘पाठ थोडी वर’ असं लिहिलं तर पुढच्या दिवशी जुळणार नाही. ‘सपाटपासून सहा फेरे’ असं लिहा. चादरीची घडी कुठल्या बाजूला आहे त्याचा फोटो प्रत्येक टेकनंतर काढा, कारण प्रेक्षकाची नजर पाऊण तास त्याच चादरीवर असणार आहे.

नवा खर्डा झाला की पुन्हा वाचन ठेवा, पण या वेळी नवे पाच-सहा जण बोलवा आणि वाचन मधे तीनदा थांबवा: पंचविसाव्या, पंचेचाळिसाव्या आणि साठाव्या मिनिटाला. आवडलं का, असं विचारू नका. प्रत्येकाला चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहायला सांगा: मंदारला आत्ता कशाची भीती आहे, आणि केतकीला काय माहीत आहे असं त्याला वाटतं. सगळ्यांची उत्तरं बहुतांशी सारखी आली तर तो भाग शूटला तयार आहे. वेगवेगळी आली तर त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत एखादी नोंद संवादाखाली दबली आहे, ती शोधून मोकळी करा.